तळटीप १७ : कडी उतरवून बांधलेली विहीर

१७. खाडीकाठच्या मऊ चिखलात उघडा खड्डा खणला तर बाजू ढासळतात. म्हणून सिमेंटची कडी आधी जमिनीवर ठेवतात. सर्वांत खालच्या कड्याला धारदार कड असते. आतली माती सगळीकडून सारखी काढली की कडे स्वतःच्या वजनाने खाली बसते. मग त्यावर दुसरे चढवतात. खणणारा माणूस कायम कड्याच्या आत राहतो. ओळंबा लावून कडे कलले दिसले, तर उंच राहिलेल्या बाजूची माती आधी काढतात. तळातून वाळू उसळू लागली की उपसा थांबवावा, नाहीतर बाहेरची माती आत ओढली जाऊन कडी कलतात. खालच्या कड्यांचे सांधे पाणी झिरपण्यासाठी मोकळे ठेवतात, वरचे सिमेंटने बुजवतात. उपसलेली माती काठापासून दूर टाकावी. डिझेल पंप विहिरीत कधीही उतरवू नये. त्याचा धूर तळाशी साचून जीव घेतो, आणि कंदील जळत राहिला तरी धुरातला विषारी वायू ओळखता येत नाही. शेवटी वर कठडा बांधतात. — संपा.