दादोबांना कोणत्या खणात शोधावे?

वसईच्या खाडीच्या अलीकडे आमचे भाईंदर आणि पलीकडे, वसई तालुक्यात, तर्खड नावाचे गाव. या गावावरून एका घराण्याला तर्खडकर हे आडनाव पडले. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांना मान मिळाला ते दादोबा पांडुरंग (१८१४–१८८२) याच घराण्यातले. त्यांचे व्याकरण १८३६ साली छापून निघाले. आता वाचकहो, सांगा पाहू, ग्रंथालयाच्या सूचीत हे दादोबा कोणत्या अक्षराखाली सापडावेत?

तुम्ही चटकन म्हणाल, ‘त’ खाली. आडनाव तर्खडकर ना! पण दादोबा आपल्या काळी दादोबा पांडुरंग या नावानेच ओळखले जात. स्वतःचे नाव आणि पाठीमागे वडिलांचे, एवढ्याने त्या काळच्या मुंबईत माणसाची ओळख पुरी होई. तेव्हा त्यांचे पत्रक ‘द’ च्या खणात जाणेही तितकेच रास्त. तिसराही एक खण आहे, आणि तो मात्र फसवा. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव अशी विलायती समजूत धरून कोणी ‘पांडुरंग, दादोबा’ असे लिहिले, तर पुस्तक ‘प’ मध्ये जाते. म्हणजे लेकाचा ग्रंथ बापाच्या नावावर चढतो!

या एकाच घरात पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दादोबांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली निघालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. तेही वडिलांच्याच नावाने ओळखले गेले. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ टागोर यांच्याच घरी राहिले होते, आणि त्यांना इंग्रजी संभाषणाचे धडे देणारी आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिची ओळख मात्र तर्खड या आडनावाने राहिली. अवघ्या एका पिढीत नावाची शोधखूण पुढून मागे गेली. काका ‘द’ मध्ये, वडील ‘आ’ मध्ये आणि मुलगी ‘त’ मध्ये!

सूचिकारांनी यावर विचार केलेला आहे. १९६१ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने असे ठरवले की, लेखकाच्या नावातला कोणता शब्द आधी घ्यायचा हे त्याच्या देशातील रूढीने ठरावे. पुढे १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन सूचिसंहितेने भारतीय नावांसाठी एक रेघ ओढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीची माणसे त्यांच्या स्वतःच्या नावाखाली, नंतरची आडनावाखाली. त्यामुळे तुकाराम ‘त’ मध्ये आले, आंबिले यांच्या ‘आ’ मध्ये गेले नाहीत. आणि टिळक ‘ट’ मध्ये आले. पण दादोबा नेमके त्या रेघेवर उभे! इथे नियम थकतो, आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठावर कोणते नाव छापले आहे व लोक कोणत्या नावाने विचारतात, हे पाहावे लागते. नाना शंकरशेट यांचे मूळ आडनाव मुरकुटे. परंतु वडिलांचे नाव लोकांच्या तोंडी आडनावासारखे बसले, म्हणून त्यांना ‘म’ मध्ये शोधायला कोणी जात नाही.

निवड कोणतीही करा. दुसऱ्या खणात वाटाड्या हवाच. पुस्तके ‘दादोबा पांडुरंग’ खाली ठेवली, तर ‘त’ मध्ये एक पत्रक घालायचे: ‘तर्खडकर, दादोबा पांडुरंग : पाहा दादोबा पांडुरंग’. हे पत्रक नसले की घोटाळा होतो. एक कारकून व्याकरण ‘द’ मध्ये नोंदवतो, दुसरा आत्मचरित्र ‘त’ मध्ये, आणि वाचकाला वाटते दादोबांनी एकच पुस्तक लिहिले. घोटाळ्याची पारखही सोपी आहे: दोन्ही खण उघडावेत, दोन्हीकडे पुस्तके असली आणि ‘पाहा’ कुठेच नसले, तर सूची बिघडली असे समजावे.

आम्हां मास्तरांना हा प्रश्न हजेरीपटावर भेटतो. भाईंदरच्या शाळेत उत्तनचा डिमेलो, कोकणातला सावंत आणि तमिळ घरातला एखादा कार्तिक शण्मुगम शेजारी बसतात. आमच्या पटावर आडनाव आधी. कार्तिकला आडनावच नाही. शण्मुगम हे त्याच्या वडिलांचे नाव. ते आडनावाच्या रकान्यात भरले, की मुलगा ‘श’ मध्ये जातो. वडील स्वतः शाळेत होते तेव्हा याच रीतीने ते आजोबांच्या अक्षराखाली गेले असते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या नावात पहिले गाव, दुसरे वडील आणि शेवटचे ते स्वतः! तेथे शेवटचा शब्द घेतला तरच माणूस सापडतो.

संगणकाला हल्ली कोणताही शब्द दिला तरी तो नाव काढून देतो. पण छापील यादीला आणि हजेरीला पहिले अक्षर एकच लागते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी मी पालकांना ‘आडनाव काय?’ असे विचारत नाही. ‘याला कोणत्या नावाखाली लिहू?’ असे विचारतो.