शाब्दिक उदाहरणे : आधी समीकरण, मग आकडेमोड

शाब्दिक उदाहरणातील चूक अनेकदा आकडेमोडीत नव्हे, तर वाक्याचे समीकरण मांडतानाच होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना 'विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत' या आशयाचे वाक्य समीकरणात मांडण्यास सांगितले होते. त्यांपैकी ३७ टक्के चुकले आणि चुकणाऱ्यांत बहुतेकांनी 6S = P असे उलटे समीकरण लिहिले. S म्हणजे विद्यार्थ्यांची 'संख्या' हे विसरून अनेकजण ते 'विद्यार्थी' या शब्दाचे लघुरूप मानतात. मराठीतील 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी' हा शब्दक्रम 6P = S कडेच नेतो; पण 'दर प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी' म्हटले की घोटाळा होऊ शकतो.

म्हणून पहिल्या ओळीत 'S = विद्यार्थ्यांची संख्या' असे पूर्ण लिहून घ्यावे. समीकरण मांडल्यावर एक सोपी संख्या घालून पाहावी. 6S = P मध्ये विद्यार्थी ६० धरले, तर प्राध्यापक ३६० येतात आणि चूक तत्काळ उघडी पडते. S = 6P मध्ये १० प्राध्यापकांना ६० विद्यार्थी मिळतात. एकूण ७० जण दिले असतील, तर 6P + P = 70; आकडेमोड येथून सुरू होते. वाक्याचा अर्थच उमगला नसेल, तर मात्र हा पडताळाही निरुपयोगी ठरतो.