सर्रा रोगाचे कारण आणि वसाहतकालीन पशुवैद्यक : १८८० ते १९०१

प्रस्तावना

उंट, घोडा व गोवंशीय जनावरांना होणारा सर्रा हा रोग ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या रक्तातील एकपेशीय परजीवीमुळे होतो व चावणाऱ्या माश्यांमार्फत पसरतो, ही बाब आज सर्वमान्य आहे. तथापि हा परजीवी १८८० मध्ये दिसल्यानंतर तोच रोगाचे कारण आहे हे मान्य होण्यास बराच काळ जावा लागला. या विलंबाचे श्रेय सामान्यतः वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या हटवादीपणास दिले जाते. प्रत्यक्षात विरोधकांच्या शंकेला निरीक्षणाचा आधार होता. चूक झाली ती त्या निरीक्षणावरून काढलेल्या अनुमानात. एका प्राण्याच्या शरीरात निरुपद्रवी ठरलेला जीव दुसऱ्या प्राण्यातही निरुपद्रवीच असणार, असे गृहीत धरले गेले. प्रस्तुत लेखात या अनुमानाचा मागोवा घेतला आहे.

डेरा इस्माईल खान येथील निरीक्षणे

तत्कालीन पंजाब प्रांतातील व आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान परिसरात लष्कराचे घोडे व उंट एका चिवट रोगाने मरत होते. जनावराला ताप येई, उतरे व पुन्हा येई. चारा खाऊनही ते खंगत जाई. पाय व पोटाखालचा भाग सुजे, रक्त फिके पडे आणि अखेरीस मागील पायांतील बळ जाई. घोडा बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावे. उंटात मात्र रोग वर्षानुवर्षे रेंगाळे. त्यामुळेच उंटपालकांत त्याला ‘तिबरसा’, म्हणजे तीन वर्षे चालणारा रोग, असे नाव पडले.

१८८० मध्ये या रोगाच्या चौकशीसाठी ग्रिफिथ इव्हान्स (१८३५–१९३५) यांची नेमणूक झाली. वेल्समध्ये जन्मलेले इव्हान्स हे लष्करी पशुवैद्य तर होतेच, शिवाय त्यांनी मानवी वैद्यकाची पदवीही घेतली होती. आजारी घोड्याच्या ताज्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे सूक्ष्म जीव त्यांना दिसले. आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरांना टोचल्यावर काही दिवसांनी त्यांच्याही रक्तात तेच जीव आढळले व रोगाची लक्षणे उमटली.

यात एक अडचण होती. आजारी जनावराच्या रक्तात हे जीव रोज दिसत नसत. ताप असताना ते विपुल असत, तर मध्ये काही दिवस एकही सापडत नसे. आज याचे कारण ज्ञात आहे. परजीवी आपले बाह्य प्रथिनावरण वारंवार बदलतो. शरीराची प्रतिकारशक्ती जुन्या आवरणाला ओळखून बहुसंख्य परजीवी नष्ट करते, पण नवे आवरण धारण केलेले थोडे वाचतात व पुन्हा वाढतात. हे ठाऊक नसताना एका दिवशी केलेली तपासणी फसवी ठरत असे. इव्हान्स यांनी एकच जनावर दिवसामागून दिवस तपासले, म्हणूनच त्यांना हा चढउतार उलगडला.

कलकत्त्याची शंका

इव्हान्स यांचा निष्कर्ष कलकत्त्यातील तज्ज्ञांना पटला नाही. त्यांपैकी टिमथी लुईस यांनी १८७८ च्या सुमारास निरोगी उंदरांच्या रक्तात याच घडणीचे जीव पाहिले होते. ते उंदीर धडधाकट होते. तेव्हा घोड्याच्या रक्तातील असे जीव हे रोगाचे कारण नसून केवळ सोबती असावेत, असा तर्क स्वाभाविक होता. उंदरांतील जीव ही वेगळी जाती आहे व ती उंदराला सहसा अपाय करीत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. लुईस यांचे निरीक्षण अचूक होते. ते घोड्याला लागू करणे चुकीचे होते.

१८८५ मध्ये ब्रह्मदेशातील वाहतुकीच्या खेचरांत जॉन हेन्री स्टील यांना हाच जीव आढळला. पुढील वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य होत. स्टील यांनी जीवाला इव्हान्स यांचे नाव दिले, परंतु माणसातील पुनरावर्ती ज्वराच्या जंतूशी त्याचे साम्य मानून त्याला स्पायरोकीट या गटात टाकले. १८८८ मध्ये बाल्बियानी यांनी त्याला ट्रिपॅनोसोमा या प्रजातीत स्थान दिले.

माशीचा पुरावा

टोचलेल्या रक्ताने रोग होतो हे दिसले तरी निसर्गात रक्त टोचते कोण, हा दुवा मोकळाच होता. पुण्यात कार्यालय असलेले सरकारी जंतुशास्त्रज्ञ आल्फ्रेड लिंगार्ड यांनी १८९३ मध्ये घोड्यांतील सर्रावर विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. निर्णायक प्रयोग मात्र मुक्तेश्वर येथे लिओनार्ड रॉजर्स यांनी केले व ते १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले. आजारी जनावराला चावलेल्या गोमाश्या लगेच निरोगी जनावराला चावू दिल्यास रोग होई. त्याच माश्या एखादा दिवस थांबवून चावू दिल्यास रोग होत नसे.

या प्रयोगातील नकारात्मक निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. परजीवी माशीच्या शरीरात वाढत असता, तर काही दिवसांनी माशी अधिक घातक व्हायला हवी होती. तसे घडले नाही, म्हणजे माशी ही केवळ रक्ताने माखलेली सुई होती. गोमाशीचा चावा वेदनादायक असतो. जनावर शेपटी मारते, माशी अर्धवट भुकेली उडते व जवळच्या दुसऱ्या जनावरावर बसते. सोंडेवरील ओले रक्त तेवढ्यात नव्या शरीरात जाते. आफ्रिकेतील त्से-त्से माशीवर अवलंबून नसल्यामुळेच हा परजीवी उत्तर आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरू शकला. गाई-म्हशींत संसर्ग पुष्कळदा लक्षणांविना राहतो. अशी धष्टपुष्ट दिसणारी जनावरे शेजारच्या घोड्यांसाठी साठा ठरतात.

चंद्रपूरची नोंद

माणसाबाबतही असेच एक गृहीतक दीर्घकाळ टिकले. मानवी रक्तद्रवातील एपीओएल-१ हे प्रथिन या परजीवीला मारते, म्हणून माणूस सुरक्षित मानला जाई. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात, पाच महिने अधूनमधून येणाऱ्या तापासोबत, हाच परजीवी सापडला. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. त्याच्या शरीरात जनुकीय दोषामुळे हे प्रथिन तयारच होत नाही, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निष्पन्न झाले. त्यामुळे नियम अबाधित राहिला असे वाटले. परंतु पुढे व्हिएतनाममध्ये ज्या रुग्णाची नोंद झाली, तिच्यात हे प्रथिन सामान्य प्रमाणात होते. केवळ एका प्रथिनावर माणसाची सुरक्षितता अवलंबून आहे, हे स्पष्टीकरणही अपुरे ठरले.

समारोप

इव्हान्स यांना १९१७ मध्ये मेरी किंग्जली पदक मिळाले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. त्यांच्या दाव्याला झालेला विरोध अज्ञानातून नव्हे, तर एका खऱ्या निरीक्षणाच्या अवाजवी विस्तारातून आला होता. उंदीर, घोडा, उंट, गाय व माणूस यांपैकी प्रत्येकाच्या शरीरात ट्रिपॅनोसोमाचे परिणाम वेगळे असतात. म्हणूनच ‘हा जीव निरुपद्रवी आहे’ हे विधान सर्राच्या इतिहासात ‘कोणासाठी’ या प्रश्नाच्या उत्तराविना प्रत्येक वेळी अपुरे ठरले आहे.