जिवाचे मोल आणि अकरा डॉलर

सन १९७३ मध्ये अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीच्या सुरक्षा विभागातील दोघा तज्ज्ञांनी एक छोटासा अहवाल तयार केला. त्यात एक हिशेब होता. मोटार उलटली असता पेट्रोल सांडून आग लागते. ती टाळण्यासाठी प्रत्येक गाडीत सुधारणा करावयाची झाल्यास गाडीमागे ११ डॉलर खर्च येईल. वर्षाकाठी मोटारी व छोटे ट्रक मिळून १ कोटी २५ लाख वाहने विकली जातात, म्हणजे एकूण खर्च १३ कोटी ७५ लाख डॉलर. आता लाभाची बाजू. या सुधारणेने १८० माणसे जळून मरावयाची वाचतील, १८० माणसे गंभीर भाजण्यापासून वाचतील आणि २,१०० वाहने जळणार नाहीत. प्रत्येक मृत्यूचे २ लाख डॉलर, प्रत्येक भाजलेल्या माणसाचे ६७ हजार आणि प्रत्येक वाहनाचे ७०० डॉलर धरले, तर एकूण लाभ ४ कोटी ९५ लाख डॉलर. खर्च लाभाच्या पावणेतीनपटीहून अधिक. सबब सुधारणा परवडत नाही, असा निष्कर्ष.

या हिशेबाची हकीकत आज जगभरच्या व्यवस्थापन आणि नीतिशास्त्राच्या वर्गांतून सांगितली जाते. मात्र ती बहुधा चुकीची सांगितली जाते. प्रचलित कथा अशी: फोर्डच्या 'पिंटो' नामक छोट्या मोटारीची टाकी मागून धडक बसताच पेट घेत असे, ११ डॉलरचा एक सुटा भाग बसवला असता तर माणसे वाचली असती, परंतु कंपनीने गुप्तपणे हा हिशेब मांडला आणि माणसांना मरू दिले. सप्टेंबर १९७७ मध्ये 'मदर जोन्स' या नियतकालिकात मार्क डौवी या पत्रकाराने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, आणि तेव्हापासून तो अहवाल निर्दयतेचे प्रतीक ठरला.

वस्तुस्थिती तपासू जाता तीन गोष्टी आढळतात. पहिली, तो हिशेब पिंटोचा नव्हता. देशात विकल्या जाणाऱ्या सर्वच मोटारींचा होता, आणि तो मागून बसणाऱ्या धडकेचा नसून गाडी उलटण्याचा होता. दुसरी, तो गुप्त नव्हता. वाहतूक सुरक्षेच्या सरकारी प्रशासनाने जो नवा नियम सुचविला होता, त्याला विरोध करताना कंपनीने तो स्वतःच सरकारला सादर केला होता. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. दोन लाख डॉलर ही किंमत फोर्डने शोधून काढलेली नव्हती. ती सरकारचीच होती.

१९७२ साली त्या प्रशासनाने रस्त्यावरील एका मृत्यूमुळे समाजाचे किती नुकसान होते, याचा तक्ता सिद्ध केला होता. त्याची बेरीज २,००,७२५ डॉलर भरली. त्यातील १,७३,३०० डॉलर हे मृत माणसाच्या बुडालेल्या भावी उत्पादकतेचे होते. इस्पितळ, वकील, विमा, मालमत्तेचे नुकसान यांचे रकाने होते. दफनविधीसाठी ९०० डॉलर होते. मृत्यूपूर्वी सोसलेल्या वेदनांसाठी १० हजार डॉलर लिहिलेले होते. हा तक्ता वाचताना आमचे मन अस्वस्थ झाले, ते केवळ वेदनांना किंमत लावली म्हणून नव्हे. माणसाचे मोल त्याच्या कमाईवरून ठरविले की म्हातारी आजी, अपंग भाऊ, घर सांभाळणारी आई यांचे मोल आपोआपच उतरते, हे त्या पद्धतीतच अंतर्भूत आहे.

मग पिंटोचे काय? कंपनी निर्दोष होती की काय? तसे मुळीच नाही. त्यासाठी दंतकथा बाजूस सारून न्यायालयाचे निकालपत्र पाहावे लागेल.

पिंटोची गाडी १९७० साली बाजारात आली. वजन दोन हजार पौंडांहून कमी आणि किंमत दोन हजार डॉलरहून कमी, असे उद्दिष्ट होते. पेट्रोलची टाकी मागील आसाच्या पाठीमागे, बंपरच्या जवळ बसविलेली होती. मागून धडक बसली की टाकी पुढे ढकलली जाई आणि आसावरील दंतचक्रांच्या पेटीचे पुढे आलेले बोल्ट तिला भोक पाडीत. त्याच वेळी पेट्रोल भरावयाची नळी टाकीतून उपटून निघे. कंपनीने केलेल्या चाचण्यांत ताशी २१ मैल वेगाच्या आघाताने हेच घडल्याचे दिसून आले होते.

मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका महामार्गावर सहा महिन्यांची जुनी पिंटो मधेच बंद पडली. मागून येणाऱ्या गाडीचा वेग धडकेच्या क्षणी ताशी २८ ते ३७ मैलांच्या दरम्यान होता. गाडीने पेट घेतला. चालविणारी स्त्री काही दिवसांनी मरण पावली. सोबतचा १३ वर्षांचा मुलगा वाचला, परंतु चेहरा व सारे अंग भाजून विद्रूप झाले आणि त्याला अनेक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. १९७८ साली ज्यूरीने मुलाला सुमारे २५ लाख डॉलर भरपाई आणि कंपनीला साडेबारा कोटी डॉलर दंडात्मक भरपाई ठोठावली. न्यायाधीशांनी दंडाची रक्कम ३५ लाखांवर आणली. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. दरम्यान १९७८ सालीच सरकारी चौकशीनंतर कंपनीने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. टाकीला प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण व भरावयाची लांब नळी, एवढाच तो उपाय होता.

या खटल्यात तो प्रसिद्ध १९७३ चा अहवाल ज्यूरीपुढे आलाच नाही. न्यायाधीशांनी तो पुराव्यात घेऊ दिला नाही. त्याऐवजी एप्रिल १९७१ च्या एका बैठकीसाठी तयार केलेला दुसरा अहवाल पुढे आला. टाकीभोवती संरक्षक कवच किंवा आत रबरी पिशवी बसविण्याचे काम १९७४ ऐवजी १९७६ पर्यंत लांबणीवर टाकावे, अशी त्यात शिफारस होती. गाडीमागे खर्च ४ ते ८ डॉलर. लांबणीमुळे होणारी बचत २ कोटी ९ लाख डॉलर. टाकीमागची रचना भक्कम करणे, आस गुळगुळीत करणे, बंपर सुधारणे, दबण्यास अधिक जागा ठेवणे या सगळ्या उपायांचा मिळून खर्च गाडीमागे १५ डॉलर ३० सेंट होता, आणि त्याने ताशी ३४ ते ३८ मैलांच्या आघातातही टाकी सुरक्षित राहिली असती, असे पुराव्यात आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या अहवालावर जग चिडले, त्यात माणसाच्या जिवाला निदान एक रकाना होता. ज्या अहवालाने न्यायालयात कंपनीविरुद्ध काम केले, त्याचा निकालपत्रातील सारांश पाहता त्यात वाचलेल्या पैशांचा आकडा आहे. जाणाऱ्या जिवांचा नाही. आमच्या मते हे दुसरे पाप अधिक जड आहे. जिवाला किंमत लावणे आपल्याला पटत नाही, म्हणून आपण तो रकाना खोडतो. पण निर्णय तर घ्यावाच लागतो, आणि रिकाम्या रकान्यात आपोआप शून्य वाचले जाते.

पुढे अर्थशास्त्रात जे घडले ते याच जाणिवेतून. १९६८ सालीच टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने प्रश्न बदलून मांडला होता. अमुक माणसाचा जीव कितीचा, असे विचारू नये. थोडासा धोका कमी करण्यासाठी लोक स्वतः किती खर्च करावयास तयार असतात, ते पाहावे. समजा एक लाख लोकांना लाखात एक इतका मृत्यूचा धोका आहे, आणि तो टाळण्यासाठी प्रत्येक जण १०० डॉलर देईल. सर्वांचे मिळून एक कोटी डॉलर झाले, आणि त्या लाखातील एक अनामिक जीव वाचला. हा आकडा कोणा माणसाची किंमत नव्हे. धोका उतरविण्याची किंमत होय. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२३ सालासाठी हा आकडा सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर धरला, आणि श्रीमंत-गरीब असा भेद न करता सर्वांना एकच लावला. १९७२ चे दोन लाख महागाई जमेस धरून २०२३ मध्ये साधारण साडेचौदा लाख होतात. म्हणजे मोल नऊपट वाढले!

आता जुना हिशेब पुन्हा मांडून पाहू. बाकी सारे तसेच ठेवले, तर १९७३ च्या पैशांत एका जिवाचे मोल सुमारे ६ लाख ९० हजार डॉलर धरताच खर्च आणि लाभ समसमान होतात. महागाई धरून २०२३ मध्ये ते सुमारे ४७ लाख होतात. वाहतूक खात्याचा आकडा त्याच्या अडीचपटीहून अधिक आहे. तीच बेरीज, तोच कागद. एका रकान्यातील आकडा बदलला की 'परवडत नाही' याचे 'करणे भाग आहे' असे होते. गणितात चूक नव्हती. निर्णय गणिताआधीच, तो आकडा लिहिताना झाला होता.

तरीही नव्या पद्धतीची एक मर्यादा उरतेच. धोका किती, हे ठाऊक असलेला माणूस काय देईल, यावर ती उभी आहे. पिंटो विकत घेणाऱ्याला टाकीमागचे बोल्ट दिसत नव्हते. आणखी १५ डॉलर देऊन मागच्या धडकेपासून बचाव हवा का, असे त्याला कोणी विचारले नाही. सर्वांसाठी नियम करताना सरकारला कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि उघडपणे मांडलेल्या हिशेबावर वाद घालता येतो. १९७३ च्या अहवालावर तो घालता आला तो याच कारणाने. परंतु स्वतःच्या चाचणीत टाकी फुटलेली पाहून ती गाडी अजाण गिऱ्हाइकाच्या हाती देणे, ही निराळी गोष्ट आहे; तिथे हिशेबाचा प्रश्नच येत नाही, सांगण्याचा येतो.

म्हणून असा कागद पुढे आला की आम्ही आधी बेरीज तपासत नाही. जिवाचा आकडा कोठून आला, कोणता रकाना गाळला आहे, आणि ज्याच्या अंगावर धोका येणार आहे त्याला तो कागद दाखविला होता काय, हे पाहतो. त्या महामार्गावरील १३ वर्षांच्या मुलाला तो कोणी दाखविला नव्हता.