फुकट दिलेला शब्द आणि क्रॉफर्ड मार्केटची जागा

मी वकील नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर. वर्गात नीतिशास्त्र शिकवताना मी एक प्रश्न नेहमी विचारायचो. मामा भाच्याला म्हणाला, 'पास झालास की घड्याळ घेऊन देतो.' भाचा पास झाला आणि मामाने हात वर केले. मामा चुकला, यात वाद नाही. पण भाच्याला कोर्टात जाता येईल का? मुलं हसायची. कायद्याचं उत्तरही साधारण तेच आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २५ सांगतं की, थोडे अपवाद सोडले तर प्रतिफलाशिवाय, म्हणजे मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल. फुकटचा शब्द कोर्टात चालत नाही.

आज आपल्याला बघायचंय ते असं की मामाच्या जागी सरकार असेल तर काय? सरकार बोललं, त्यावर विसंबून कुणी लाखो रुपये घातले आणि मग सरकार म्हणालं, 'आम्ही बदल्यात काही घेतलं नव्हतं, तेव्हा आम्ही बांधलेले नाही.' असा खटला खरोखर झाला, तोही मुंबईत. तो ज्या जागेवरून झाला तिथे तुमच्यापैकी पुष्कळांनी आंबे घेतले असतील. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई.

गोष्ट १८६५ सालची. ऑर्थर क्रॉफर्ड हे तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. मुंबई सरकारने म्युनिसिपालिटीला सांगितलं की एका जागेवरचे जुने बाजार हलवा आणि जागा मोकळी करून द्या. कमिशनरांनी बाजारासाठी दुसरी जागा मागितली. सरकारने ठराव करून ती मंजूर केली. त्याच ठरावात आणखी एक वाक्य घातलं. त्याचा आशय असा की, हे बाजार इतर सार्वजनिक इमारतींसारखे सगळ्या लोकांच्या उपयोगाचे आहेत, तेव्हा म्युनिसिपालिटीकडून भाडं घ्यावं असं सरकारला वाटत नाही. सगळा खटला पुढे या एका वाक्यावर उभा राहिला.

म्युनिसिपालिटीने जुनी जागा सोडली आणि नव्या जागेवर मंडई बांधली. बांधकाम आणि देखभाल मिळून तिने तिथे सतरा लाख रुपये घातले. वर्षांमागून वर्षं गेली, भाडं कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही. आणि १९४० साली, म्हणजे ठरावानंतर पंचाहत्तर वर्षांनी, मुंबईच्या कलेक्टरांनी शहराच्या १८७६ च्या जमीन महसूल कायद्याचं कलम ८ काढून त्या जागेवर महसूल आकारला. सुरुवात वर्षाला ७,५०० रुपयांपासून, आणि पन्नास वर्षांत तो चढत चढत ३०,००० वर जायचा. आपल्याकडे म्हणतात ना, गरज सरो वैद्य मरो, तशातली गत. कॉर्पोरेशनने हरकत घेतली, ती फेटाळली गेली, मग दावा लागला.

आता कॉर्पोरेशनपुढच्या वाटा बघू. पहिली वाट कराराची. इथे एक शंका रास्त आहे: ही देणगी खरोखर फुकट होती का? जुनी जागा सरकारच्या सांगण्यावरूनच सोडली होती, तोच मोबदला नव्हे का? असं म्हणता येईल. पण ही वाट दुसऱ्याच कारणाने बंद होती. सरकारी जमीन द्यायची तर त्या काळच्या कायद्याप्रमाणे रीतसर दस्त लागत होता, आणि इथे होता नुसता ठराव. म्हणजे कायद्याच्या नजरेत जमीन दिलीच गेली नव्हती. आणि मंडईवर सतरा लाख घाला, असं तर सरकारने कुठे म्हटलंच नव्हतं. तो खर्च म्युनिसिपालिटीने आपण होऊन केला. कराराच्या भाषेत तो मोबदल्यात बसवणं अवघड.

दुसरी वाट एस्टॉपेलची. हा शब्द जरा समजून घेऊ. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ११५ चा भाव असा होता की एखादी गोष्ट खरी आहे असं तुम्ही दुसऱ्याला भासवलंत, आणि त्यावर विश्वासून तो वागला, तर नंतर 'ती खरी नव्हती' असं म्हणायला तुम्हाला मनाई. एक प्रकारची तोंडबंदीच. पण कोर्टं याचा अर्थ असा लावत आली होती की ही मनाई असलेल्या वस्तुस्थितीबद्दल आहे, पुढे काय करू याच्या आश्वासनाबद्दल नाही. 'ही जमीन माझी आहे' हे विधान झालं. 'मी भाडं घेणार नाही' हे वचन झालं. वचनालाही तीच तोंडबंदी लावायची, यालाच प्रॉमिसरी एस्टॉपेल म्हणतात. इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९४७ साली हाय ट्रीज खटल्यात ही कल्पना पुढे आणली, आणि तिथेही ती नवीच वाटली.

मुंबईत मात्र असलं काही आधी घडून गेलं होतं. १९०५ साली मुंबई हायकोर्टात याच कॉर्पोरेशनचा सरकारशी खटला झाला. तिथे सरकारच्या परवानगीने घेतलेल्या जागेवर म्युनिसिपालिटीने तबेले, कारखाने आणि चाळी बांधल्या होत्या, आणि चोवीस वर्षांनी सरकारला अधिकार आठवला. सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी निकाल दिला की जमीनमालकाने दुसऱ्याच्या मनात अपेक्षा निर्माण केली, त्या भरवशावर तो खर्च करताना बघत राहिला, तर त्यातून न्यायबुद्धीचा एक हक्क उपजतो, आणि सरकारही त्याच्या कक्षेबाहेर नाही.

क्रॉफर्ड मार्केटच्या खटल्यात हायकोर्ट याच वळणाने गेलं. तिथल्या परिस्थितीतून कॉर्पोरेशनच्या बाजूने जी न्यायबुद्धी निर्माण झाली तिच्यामुळे सरकारने आकारणीचा हक्क गमावला, असं त्याने ठरवलं. कलेक्टर सुप्रीम कोर्टात गेले. निकाल लागला १९५१ साली, कॉर्पोरेशनच्या बाजूने. तुम्ही म्हणाल, झालं, शब्दाचा विजय झाला. इथेच जरा थांबायला हवं.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांचा. तो शब्दाबद्दल नाहीच, कब्जाबद्दल आहे. त्यांचं म्हणणं असं: ठराव कायद्याने निकामी होता हे खरं, पण कॉर्पोरेशन त्या ठरावातल्या अटींवरच जागेवर बसली, आणि सत्तर वर्षांहून जास्त काळ उघडपणे, अखंड, हक्काने बसून राहिली. सरकारविरुद्धची साठ वर्षांची मुदत उलटली. तेव्हा ज्या प्रकारचा हक्क ती सांगत होती तेवढाच मर्यादित हक्क तिला मिळाला, म्हणजे मंडईसाठी जागा कायम वापरायची, भाडं न देता. भाड्याची माफी ही त्या हक्काचाच न तुटणारा भाग, जशी मंडईखेरीज दुसरं काही न करण्याची अट हाही त्याचाच भाग.

न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांनी निकाल तोच दिला, पण कारण वेगळं लिहिलं. सरकारने जे सांगितलं त्यावर विसंबून दुसऱ्याने आपली स्थिती बदलली, आता दस्त रीतसर नव्हता म्हणून सरकारला शब्द फिरवू द्यायचा नाही. प्रामाणिकपणा आणि सचोटी राखणं हे कोर्टाचं काम आहे, असा त्यांचा रोख. तिसरीकडे न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी भिन्न मत दिलं: अशा न्यायतत्त्वाने कायद्याने दिलेला आकारणीचा अधिकार संपत नाही.

आता एक छोटा प्रयोग करू. समजा कलेक्टर १९४० साली न येता १८७५ साली आले असते. मंडई उभी, पैसा खर्च झालेला, सरकारचा शब्द तोच. बहुमताच्या मार्गाने कॉर्पोरेशन हरली असती, कारण साठ वर्षं झालेली नाहीत. अय्यर यांच्या मार्गाने ती जिंकली असती. आता उलटं धरा. सरकारने ठराव केला, पण म्युनिसिपालिटीने अजून जुना बाजार सोडला नाही, नव्या जागेवर एक वीटही ठेवली नाही, आणि सरकारने विचार बदलला. तर अय्यर यांच्या मार्गानेही काही मिळालं नसतं.

या प्रयोगातून मला वाटतं मुद्दा उलगडतो. फुकटचं वचन स्वतःच्या बळावर बांधत नाही. बांधून घालते ती ऐकणाऱ्याने त्यावर केलेली कृती, आणि ती होणार हे वचन देणाऱ्याला कळत होतं ही गोष्ट. मामाच्या भाच्याने घड्याळाच्या भरवशावर काही केलं नव्हतं. अभ्यास तो तसाही करणारच होता. म्युनिसिपालिटीने मात्र आपला बाजार सोडला आणि सतरा लाख चुन्याविटांत घातले, जे परत काढता येत नाहीत. 'बदल्यात काय दिलंस?' हा कराराचा प्रश्न. इथला प्रश्न वेगळा आहे: 'माझ्या शब्दावर तू काय करून बसलास?'

अय्यर यांचं हे एकट्याचं कारण पुढे मुख्य रस्ता झालं, आणि त्यातला एक टप्पा पुन्हा आपल्याकडचाच. उल्हासनगर म्युनिसिपालिटीने सेंच्युरी कंपनीचा औद्योगिक भाग आपल्या हद्दीत राहावा म्हणून चालू कारखान्यांना सात वर्षं जकात माफ करण्याचं कबूल केलं. कंपनीने त्या भरवशावर विस्तार केला. पुढे म्युनिसिपालिटीने जकात मागितली. हायकोर्टाने अर्ज ऐकून न घेताच फेटाळला होता. १९७० साली सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या निकालाने, तो ऐकायला परत पाठवला. करार कायद्याला हवा त्या नमुन्यात नसला, तरी योग्य प्रकरणी सार्वजनिक संस्थेला तिचा शब्द न्यायबुद्धीने पाळायला लावता येतो, हे तिथे स्पष्ट झालं. इथे साठ वर्षांच्या कब्जाची गरजच नव्हती.

मग १९७९ च्या रिपोर्टांत आलेला मोतीलाल पदमपत खटला. उत्तर प्रदेश सरकारने वनस्पती तुपाच्या नव्या कारखान्याला तीन वर्षं विक्रीकर माफ करण्याचं आश्वासन दिलं आणि मग मागे घेतलं. न्यायमूर्ती भगवती यांनी दोन गोष्टी मांडल्या. ही तोंडबंदी फक्त ढाल नाही, तिच्या आधारे दावाही लावता येतो. आणि 'लोकहितासाठी शब्द बदलला' असं सरकारने नुसतं म्हणून भागत नाही, तर परिस्थिती काय बदलली ते कोर्टापुढे मांडावं लागतं, आणि तोलून बघायचं काम कोर्टाचं.

मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कायद्याने जे करायला मनाई आहे, त्याचं वचन अधिकाऱ्याने दिलं तर ते बांधत नाही. विधिमंडळाला कायदा करण्यापासून अशा वचनाने अडवता येत नाही. आणि खरंच लोकहित आड आलं, तर शब्द मागे घेता येतो. शास्त्रींचं भिन्न मत वाया गेलं असं मला म्हणून वाटत नाही. आजचा अधिकारी उद्याच्या सगळ्या नागरिकांचा महसूल एका ओळीत सोडून देऊ शकतो का, ही त्यांची भीती खोटी नव्हती. या मर्यादा त्याच भीतीतून आल्या आहेत.

तरी १८६५ च्या त्या वाक्याकडे पुन्हा बघा. भाडं का नाही, याचं कारण सरकारने स्वतःच दिलं होतं: मंडई सगळ्यांच्या उपयोगाची आहे. १९४० मध्ये ती कमी उपयोगाची झाली होती का? नव्हती. म्हणजे कारण जसंच्या तसं उभं होतं, आणि शब्द तेवढा बदलला. असा खटला वाचताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. ऐकणाऱ्याने या शब्दावर काय केलं? ते आता उलटवता येईल का? आणि बोलणाऱ्याचं तेव्हाचं कारण आज खरंच बदललं आहे का? पुढे कधी मंडईत गेलात तर बघा, त्या इमारतीने तिन्हींची उत्तरं कधीच दिली आहेत.