अवनी वाघीण मृत्यू चौकशी अहवाल

अवनी वाघीण मृत्यू चौकशी अहवाल हा यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ या वाघिणीच्या मृत्यूबाबत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाने तयार केलेला अहवाल होय. ही वाघीण 'अवनी' या नावाने ओळखली जाई. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळी लागून मरण पावली. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये हा अहवाल प्रसिद्धीस आला. वाघीण मारण्याचा आदेश योग्य होता की नाही, हा या चौकशीचा विषय नव्हता. आदेश अमलात कसा आणला गेला, एवढाच होता. याविषयीच्या चर्चेत हे दोन प्रश्न अनेकदा एकत्र केले जातात.

== पार्श्वभूमी ==

पांढरकवडा-राळेगाव परिसरात सुमारे दोन वर्षांत झालेल्या १३ माणसांच्या मृत्यूंशी या वाघिणीचा संबंध जोडला गेला होता. शेतात जाणे, गुरे चारणे हे गावकऱ्यांना जिवावरचे काम झाले होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार अशा प्राण्यास मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. मात्र त्यास पकडणे वा बेशुद्ध करणे शक्य नाही, याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. सप्टेंबर २०१८ मधील आदेशातही हाच क्रम होता: प्रथम बछडे व वाघीण यांना पकडण्याचा प्रयत्न करावा आणि तो निष्फळ ठरल्यासच मनुष्यहानी टाळण्यासाठी गोळी घालावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या आदेशाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या व सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

== निष्कर्ष ==

पथकाचा दावा असा होता की, रात्री वाघीण दिसताच प्रथम बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट मारण्यात आला. ती चवताळून वाहनावर चालून आली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. प्रत्यक्षदर्शी सर्व एकाच पथकातील असल्याने त्यांच्या जबान्या एकमेकींशी जुळणे स्वाभाविकच होते. त्यामुळे खरे महत्त्व आले ते नागपूर येथील गोरेवाडा केंद्रात झालेल्या शवविच्छेदनाला.

समोरून झेप घेणाऱ्या जनावरास लागलेली गोळी सामान्यतः छाती, मान वा डोके यांतून आत शिरते. येथे गोळी डाव्या बाजूने शिरली होती. यावरून वाघीण त्या क्षणी पथकाकडे तोंड करून नव्हती, असा निष्कर्ष निघाला. दुसरा पुरावा डार्टचा होता. मांडीवरील खूण बंदुकीतून सुटलेल्या डार्टच्या खुणेशी जुळत नव्हती, म्हणून डार्ट खरोखर बंदुकीतून सुटला होता का, हाच प्रश्न उभा राहिला. शिवाय औषध ५६ तास आधी भरून ठेवलेले होते. ते २४ तासांच्या आत वापरावयास हवे होते.

तिसरा मुद्दा अधिकाराचा. ज्या शिकाऱ्यास या कामासाठी पाचारण करण्यात आले होते, तो त्या रात्री घटनास्थळी नव्हता; गोळी दुसऱ्याच व्यक्तीने झाडली होती. पथकासोबत पशुवैद्यकही नव्हता. यावरून अहवालाने शस्त्र अधिनियम, १९५९, भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ आणि प्राधिकरणाची प्रमाण कार्यपद्धती या तिन्हींच्या उल्लंघनाकडे बोट दाखविले.

== निर्णय व धडे ==

राज्य शासनाने स्वतंत्र समिती नेमली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अवमान याचिका सुनावणीस आली. पण वाघीण नरभक्षक असल्याचे न्यायालयांनी आधीच मान्य केले असल्याने ती टिकली नाही आणि मागे घेण्यात आली. 'कसे मारले' या प्रश्नाचे अहवालाने दिलेले उत्तर त्यामुळे कागदावरच राहिले.

मैदानी पथकांच्या दृष्टीने या अहवालातून तीन गोष्टी हाती लागतात. औषध भरल्याची वेळ सिरिंजवर आणि नोंदवहीत लिहिलेली असावी, कारण शिळ्या औषधाचा डार्ट अचूक लागला तरी वाघ बेशुद्ध होईलच असे नाही. परवानगी व्यक्तीच्या नावे असेल, तर बंदूक दुसऱ्याच्या हाती देता येत नाही; बदल करावयाचा तर आदेशही बदलून घ्यावा लागतो. आणि पशुवैद्यक उपस्थित नसेल, तर त्या दिवशीची मोहीम थांबवावी. रात्री अंधारात तर डार्ट कोठे लागला हेही धड दिसत नाही, आणि अर्धवट गुंगीतील जनावराचा माग काढणे दुरापास्त होते.

वाघिणीच्या मृत्यूच्या वेळी तिची दोन बछडी मोकळीच होती. त्यांतील मादी २२ डिसेंबर २०१८ रोजी पकडून पेंच येथे ठेवण्यात आली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडण्यात आले. त्याच महिन्यात ती मरण पावली.