नवीन बेअरिंग बसवलं, तरी मोटर आवाज का करते?

पाण्याच्या मोटरचं बेअरिंग नवं कोरं टाकलं, तरी काही दिवसांत घरघर सुरू होते. दोष बेअरिंगला दिला जातो, पण बऱ्याचदा ते बसवतानाच खराब झालेलं असतं.

बेअरिंगमध्ये दोन कड्या असतात. शाफ्टवर बसते ती इनर रेस, हाऊसिंगमध्ये बसते ती आऊटर रेस. मधल्या गोळ्या दोन्ही रेसच्या खोबणीतून फिरतात. शाफ्टवर घट्ट बसणारं बेअरिंग आऊटर रेसवर ठोकलं, तर तो मार गोळ्यांमधून इनर रेसपर्यंत जातो. गोळी खोबणीला अगदी छोट्या जागेत टेकलेली असल्याने तिथे बारीक खड्डा पडतो.

म्हणून नियम एकच: जी रेस घट्ट बसणार आहे, तिच्यावरच दाब द्यायचा. शाफ्टवर चढवताना इनर रेसवर, हाऊसिंगमध्ये बसवताना आऊटर रेसवर. दोन्हीकडे घट्ट असेल, तर दोन्ही रेसवर एकाच वेळी टेकणारी सपाट चकती वापरायची.

उदाहरण 6205 बेअरिंगचं घेऊ. त्याचं भोक 25 मिमी आणि बाहेरचा व्यास 52 मिमी. मोटरमध्ये शाफ्ट फिरतो, म्हणून इनर रेस घट्ट आणि आऊटर रेस कव्हरमध्ये जरा सैल ठेवतात. आधी शाफ्ट पुसून त्यावरची बर काढायची आणि तेलाचा पातळ थर लावायचा. मग फक्त इनर रेसवर टेकेल असा, टोकं सरळ कापलेला पाइप ठेवून प्रेसने हळूहळू दाबायचं. बेअरिंग तिरकं जातंय असं वाटलं, तर थांबून काढायचं आणि पुन्हा सरळ लावायचं. ते शाफ्टच्या खांद्याला टेकलं, की दाब एकदम वाढतो. तिथेच थांबायचं.

दुसरा मार्ग गरम करण्याचा. तापमान 80 अंशांनी वाढवलं, तर 25 मिमीचं भोक साधारण 24 मायक्रॉनने मोठं होतं. घट्ट बसवण्यासाठी ठेवलेला फरक सहसा यापेक्षा कमी असल्याने बेअरिंग हातानेच सरकतं. थंड होताना ते खांद्यापासून मागे सरकू शकतं, म्हणून पकड येईपर्यंत दाबून धरायचं. तापमान 120 अंशांपुढे न्यायचं नाही आणि थेट ज्योत लावायची नाही. दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंगमध्ये ग्रीस आधीच भरलेलं असतं. ते गरम तेलात बुडवू नये, 80 अंशांच्या वर तापवूही नये.

शेवटी बेअरिंग हाताने सावकाश फिरवून बघायचं. ठरावीक अंतरावर खटके लागले, तर खड्डे पडलेत असं समजायचं. असं बेअरिंग ग्रीस भरून सुधारत नाही. कव्हर बंद करण्याआधीच ते बदलावं लागतं.